कथेतली आजी, संक्रांतीचं भेटकार्ड आणि न आलेलं उत्तर: टपालाचे तपशील हवे आहेत

अक्षरवेल
एक लघुकथा लिहिते आहे. मिरजेची आजी दर संक्रांतीला भेटकार्डं पाठवते, आत चमचाभर हलवा घालून. त्यातलं एक कार्ड बडोद्याला जातं, शाळेपासूनच्या मैत्रिणीला, कुसुमला. कुसुमचंही कार्ड न चुकता येतं. कथा ज्या वर्षाची आहे त्या वर्षी ते येत नाही. कथेचं वर्ष २०१६ धरलं आहे. सुरुवात अशी:

«पंधरा पाकिटं आजीनं चटईवर ओळीनं मांडली. प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्याला हळदीचं एक बोट, कुंकवाचं एक बोट. हलव्याच्या पुड्या मोजून पंधरा. कुसुमच्या पुडीत दोन चमचे, बाकीच्यांत एक.»

पुढे आजी पोस्टमनची वाट पाहते. इथेच मी अडकले आहे. कार्ड पोचलंच नाही, की पोचलं पण उत्तर आलं नाही, हे आजीला कशावरून कळेल? ती चाळीस वर्षं पत्रं टाकणारी बाई आहे, तेव्हा तिला काहीतरी अंदाज बांधता यायलाच हवा. जाणकारांनी सांगावं.

निळी शाई
सोपं आहे. आजीनं यूपीसी केलं होतं असं दाखवा. पोस्टात तीन रुपये भरले की शिक्का मारलेला कागद मिळतो, म्हणजे कार्ड पोचल्याचा पुरावा तिच्या हातात. मग शंकाच उरत नाही.

टपालहंशील
निळी शाई, दोन दुरुस्त्या. यूपीसी २०११ साली बंद झालं, त्यामुळे २०१६ च्या कथेत ते येणार नाही. आणि चालू होतं तेव्हाही तो कागद एवढंच सांगायचा की पत्र अमुक दिवशी पोस्टात दिलं. ते कुणाच्या हातात पडलं याबद्दल त्यात काही नसायचं. पोचल्याचा पुरावा हवा तर रजिस्टर करून पोचपावती जोडावी लागे.

अक्षरवेल, तुमचा प्रश्न चांगला आहे आणि त्याचं उत्तर तुम्ही नकळत कथेतच ठेवलं आहे: कुसुमच्या पुडीत दोन चमचे.

वजन करून बघा. ए-फाइव्ह आकाराचा जाड कागद दुमडून केलेलं कार्ड साधारण ९ ग्रॅम भरतं, पाकीट ४ ग्रॅम. झाले १३. चमचाभर हलवा ५ ग्रॅम धरा, वर पुडीचा कागद. म्हणजे १९ च्या आसपास. साध्या पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा आणि २०१६ ला त्याला ५ रुपयांचं तिकीट. बाकीची चौदा पाकिटं त्यात बसतात. कुसुमचं पाकीट २४ ग्रॅमचं झालं. त्याला पुढच्या टप्प्याचे आणखी २ रुपये लागतात, म्हणजे ७.

आजीनं सवयीनं सगळ्यांवर ५ चं तिकीट लावलं असेल, तर कुसुमचं पाकीट नॉटपेड झालं. तूट २ रुपयांची, वसुली दुप्पट म्हणजे ४ रुपये, आणि ती पत्र घेणाऱ्याकडून.

आता यातला कथेच्या कामाचा भाग. पूर्ण हंशील भरलेलं साधं पत्र असेल आणि दाराला कुलूप असेल, तर पोस्टमन ते फटीतून आत सरकवतो किंवा पेटीत टाकतो आणि पुढे जातो. नॉटपेड पत्र तसं टाकता येत नाही, कारण त्याला पैसे घ्यायचे असतात. घर बंद असेल तर तो ते परत पोस्टात नेतो, पुन्हा एखादी फेरी मारतो, आणि तरीही कुणी भेटलं नाही किंवा घरच्यांनी नाकारलं तर पत्र पाठवणाऱ्याकडे परत निघतं. त्यावर शेरा, तारीख आणि सही असते.

म्हणजे एका चमच्याच्या फरकानं तुमच्या कथेचे दोन रस्ते होतात. सात रुपये लावले असतील तर फक्त शांतता. पाच लावले असतील तर पाकीट शेऱ्यासकट परत येण्याची शक्यता.

अक्षरवेल
हे मला सुचणंच शक्य नव्हतं. दोन चमचे मी केवळ माया दाखवायला घातले होते. पण पेटीत टाकलेल्या प्रत्येक पाकिटाचं वजन होतं का?

टपालहंशील
नाही. पेटीतून निघालेल्या गठ्ठ्यात जे पाकीट हाताला जाड किंवा जड लागतं तेच बाजूला निघतं. २४ ग्रॅम सपाट असते तर बहुधा सुटले असते. पण पुडीचा फुगवटा लगेच हाताला लागतो. त्यामुळे पकडलं जाणं आणि सुटणं, दोन्ही पटण्यासारखं आहे. तुम्हाला हवं ते घ्या.

परत येण्यासाठी आणखी एक गोष्ट लागते. पाकिटावर आजीचा पत्ता हवा. तो नसेल तर असं पत्र आजीकडे येत नाही, ते रिटर्न लेटर ऑफिसला जातं. जुनी माणसं त्याला डेड लेटर ऑफिस म्हणतात. तिथे पाकीट उघडून आत पत्ता सापडतो का ते बघतात. भेटकार्डाच्या आत नुसतं «तुझी शांता» असेल तर तिथेच सगळं थांबतं.

निळी शाई
यूपीसीचं मान्य. पण मग बुकपोस्ट का नको? भेटकार्डं बुकपोस्टानंच जायची. पाकिटाची चोच न चिकटवता नुसती आत खोचायची, ५० ग्रॅमपर्यंत ४ रुपये. चोवीस ग्रॅम आरामात बसलं आणि तीन रुपयेही वाचले.

टपालहंशील
दर बरोबर, पण या पाकिटाला तो लागू होत नाही. बुकपोस्ट छापील मजकुरासाठी. त्यात खाऊ घातला की ते बुकपोस्ट राहत नाही. शिवाय कार्डावर हातानं काय लिहायचं यालाही मर्यादा होती. नाव-पत्ता आणि रिवाजाच्या शुभेच्छा, त्या पाच शब्दांपर्यंत. पाचाच्या वर गेलात की ते पत्र, आणि हंशील पत्राचं.

अक्षरवेल
पाच शब्द! «तिळगूळ घ्या, गोड गोड बोला» मोजलं तर पाचच भरतात.

टपालहंशील
भरतात खरे. म्हणून हलव्याशिवायचं कार्ड आजीला बुकपोस्टानं पाठवता आलं असतं. हलव्यासाठी ती जास्तीचे पैसे भरते, हे एका वाक्यात आलं तर छान दिसेल.

घाईत
मी गेल्या महिन्यात भाचीला पुण्याला पाकीट पाठवलं, अजून पोचलं नाही. साधं टपाल होतं, पावती नाही. तक्रार कुठे करायची? आणि हलवा पाठवायचा तर काटेरी घ्यावा की साधा?

टपालहंशील
साध्या टपालाला नंबर नसतो, त्यामुळे ते वाटेत कुठे आहे हे शोधायला दुवाच नाही. भाचीच्या भागात ज्या पोस्टातून बटवडा होतो तिथे जाऊन त्यांच्या बीटच्या पोस्टमनला विचारायला सांगा. पत्ता अपुरा असेल तर कधी कधी पत्र तिथेच पडून असतं. पुढच्या वेळी स्पीड पोस्ट करा.

पेठकरीण
हलव्याचं मी सांगते, कथेलाही उपयोगी पडेल. टपालात काटेरी हलवाच जावा, तिळाची वडी किंवा लाडू नको. वडीतलं तेल दोन दिवसांत कार्डावर उतरतं, शाई पसरते आणि पाकिटावर पिवळा डाग दिसतो. हलवा कोरडा असतो, पण दमट हवेत चिकटतो, म्हणून पुडी बटर पेपरची करायची आणि कडा दोनदा दुमडायच्या. पुडी पाकिटाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात ठेवायची. तिकीट उजवीकडे वर असतं आणि शिक्का तिथे जोरात बसतो. त्याच्याखाली हलवा आला की काटे मोडून नुसती पिठीसाखर होते. कथेतली आजी चाळीस वर्षं हे करते आहे, तर तिची पुडी डावीकडे खालीच असेल. 

बडोदेकर
पत्त्याबद्दल. कुसुम दांडिया बाजारात राहते असं धरा, तिकडे गायकवाडी काळापासून मराठी घरं आहेत. पिन ३९०००१. आजी आकडे देवनागरीत लिहीत असेल तर गोंधळाची जागा दुसरा आकडा आहे. हात थरथरला की ९ चा १ वाचला जातो आणि ३९ चं ३१ होतं. ३६ ते ३९ गुजरात, ३१ राजस्थान. पाकीट चुकून तिकडच्या थैलीत पडू शकतं.

टपालहंशील
पडू शकतं, पण खाली «बडोदे, गुजरात» लिहिलं असेल तर पुढच्या सॉर्टिंगला कुणाच्या तरी लक्षात येतं आणि ते वळवलं जातं. चार-पाच दिवसांचा उशीर होतो, कार्ड बहुधा हरवत नाही. पिन इंग्रजी आकड्यांत लिहावा हे खरंच. योगायोग म्हणजे ही पिनची पद्धत बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठीच. १५ ऑगस्ट १९७२ ला ती सुरू झाली. आजीनं पिन नसलेले पत्तेही लिहिले आहेत, हे तिच्या वयावरून उघड आहे.

अक्षरवेल
म्हणजे उशिरा पोचलं हा तिसरा रस्ता. पण मग कुसुमनं उशिरा का होईना उत्तर दिलं असतं. आजीनं वाट किती दिवस पाहायची?

पेठकरीण
रथसप्तमीपर्यंत. तिळगूळ तोवर देता येतो, त्यामुळे रथसप्तमीच्या आत आलेलं कार्ड उशिराचं मानत नाहीत. हा काळ दर वर्षी लहानमोठा होतो. संक्रांत सूर्यावर, रथसप्तमी तिथीवर. २०१६ तुम्ही मुद्दाम निवडलं की सहज, माहीत नाही, पण निवड उत्तम आहे. त्या वर्षी संक्रांत १५ जानेवारीला आणि रथसप्तमी १४ फेब्रुवारीला. पूर्ण महिना. २०१८ घेतलं असतं तर रथसप्तमी २४ जानेवारीलाच होती, आजीला जेमतेम दहा दिवस मिळाले असते.

टपालहंशील
त्यात भर घालतो. १४ फेब्रुवारी २०१६ रविवार होता, टपाल नाही. म्हणजे वाट पाहण्याचा शेवटचा बटवडा शनिवार, १३ फेब्रुवारीचा. मधे २६ जानेवारीचा मंगळवारही कोरडा. आजी कॅलेंडरवर खुणा करत असेल तर हे दिवस ती आधीच वगळेल.

पाठवण्याच्या बाजूनं: १५ जानेवारी शुक्रवार. आजीनं पाकीट गुरुवारी, ७ तारखेला पेटीत टाकलं. त्याच दिवशी पेटी उघडली, तिकिटावर शिक्का पडला आणि संध्याकाळी पाकीट मिरज स्टेशनातल्या आरएमएसला, म्हणजे रेल्वे टपालाला, गेलं. तिथून मुंबईच्या दिशेनं, मग बडोदे. साध्या टपालाला पाच-सहा दिवस धरा, म्हणजे १२ किंवा १३ तारीख.

बडोदेकर
तेवढं जपा. १४ ला बडोद्यात उत्तरायण, दोन दिवस सगळं गाव पतंगाला गच्चीवर. १३ च्या आत पोचलं तर पोचलं, नाहीतर सरळ शनिवार-सोमवारवर जाईल.

आणि दांडिया बाजारातले कितीतरी वाडे पाडून इमारती झाल्या आहेत. खाली पत्रपेट्यांची ओळ असते. वरच्या मजल्यावरची वयस्कर माणसं ती पेटी महिनोन्‌महिने उघडत नाहीत, येतं काय तर बिलं आणि जाहिराती. कार्ड पोचलेलं आहे, शिक्क्यानिशी पेटीत आहे आणि कुसुमच्या हातात नाही, हाही रस्ता धरा.

निळी शाई
मला वाटतं शेवटी पाकीट परत यावं आणि त्यावर पोस्टमनचा शेरा असावा, «मयत». एका शब्दात कथा संपेल.

टपालहंशील
तो शेरा असतो, पण या कथेत तो कसा येईल ते बघा. साधं पत्र मयत माणसाच्या नावानं आलं आणि घरात कुणी असेल, तर घरचे ते घेतात. पोस्टमन देऊन पुढे जातो. शेरा लिहून परत पाठवायची वेळ येते ती घरच्यांनी घ्यायला नकार दिला तर, किंवा तिथे आता त्यांचं कुणीच राहत नसेल तर. नकार मुख्यतः नॉटपेडला येतो, चार रुपये कोण देणार म्हणून. कुसुमचा मुलगा-सून तिथेच राहत असतील तर चार रुपयांसाठी आईच्या मैत्रिणीचं कार्ड परत करतील का, हे तुम्हीच ठरवा. मला ते कठीण वाटतं.

पेठकरीण
मलाही «मयत» नको वाटतं, पण वेगळ्या कारणासाठी. अक्षरवेल, तुम्ही पहिल्याच परिच्छेदात हळदीकुंकवाचं बोट लावलं आहे आणि त्यावर इथे कुणी काही बोललेलं नाही. कार्ड वेळेवर पोचलं, कुसुमनं स्वतः उघडलं, आणि मधल्या वर्षात तिचा नवरा गेलेला आहे असं समजा. ही बातमी मिरजेला पोचलेली नाही, कारण मुलांनी फोनमधल्या नावांना कळवलं आणि आजीचं नाव फक्त आईच्या पत्त्यांच्या वहीत. आता त्या घरी वर्षाच्या आत सण नाही. तिळगूळ करत नाहीत, कार्डं पाठवत नाहीत. आणि हातात आलेल्या कार्डाच्या कोपऱ्यात कुंकू.

कुसुमला उत्तर द्यायचं तर आधी ती बातमी द्यावी लागते. पूर्वी त्यासाठी पत्राची रीतच वेगळी होती. वर «श्री» लिहायचं नाही, कार्डाचा कोपरा फाडायचा. वाचलं की ते पत्र घरात ठेवत नसत. संक्रांतीच्या कार्डाला उत्तर म्हणून असं कार्ड पाठवायला तिचा हात होत नाही. म्हणून शांतता. यात कुणाची चूक नाही आणि टपालाचीही नाही.

बडोदेकर
२०१६ साली हे पटेल का? आमच्या भागात नवरा गेलेल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावणाऱ्या बऱ्याच जणी आहेत. कुसुम स्वतःच कुंकू लावत असेल कदाचित.

पेठकरीण
असेल. घराघरात वेगळं आहे आणि म्हणूनच कथेत ते सांगून टाकू नये. पण सत्तरी ओलांडलेल्या, पत्रांची रीत पाळणाऱ्या बाईच्या बाबतीत मला पहिली शक्यता जास्त वाटते. कुंकू लावणं वेगळं आणि ते कुणीतरी न विचारता पाठवणं वेगळं.

अक्षरवेल
पेठकरीण, मी यावर दोन दिवस विचार केला. कुसुमच्या घरी काय झालं ते सांगायचं नाही असं ठरवलं आहे. आजीलाही कळणार नाही. तिच्याकडे फक्त टपालहंशील यांनी सांगितलेला हिशेब आहे. म्हणून तिकिटं सात रुपयांची केली आणि पाकिटाच्या मागे तिचा पत्ता घातला. शेवट आता असा आहे:

«तेरा तारखेला पोस्टमन दारावरून गेला. आजीनं कॅलेंडरवर रविवारपर्यंत बोट फिरवलं आणि थांबवलं. पाकीट परत आलेलं नव्हतं. पत्ता मागं होता, तिकिटं पुरती होती. म्हणजे बडोद्यात आहे ते. कुणाच्यातरी हातात आहे.

पुढल्या डिसेंबरात पंधरा पाकिटं चटईवर मांडली. चौदा कार्डांना हळदीचं बोट, कुंकवाचं बोट. पंधराव्यापाशी हात थांबला. करंडा उघडाच होता. मग आजीनं बोट पदराला पुसलं आणि हलवा मोजायला घेतला. दोन चमचे.»

निळी शाई
«मयत»पेक्षा हे चांगलं आहे, कबूल. पण परत न आलेलं पाकीट म्हणजे पोचलेलंच, हे नियमानं खरं आहे का?

टपालहंशील
नाही, आणि आजीलाही ते ठाऊक असणार. साधं पत्र थैलीच्या तळाशी राहतं, दुसऱ्या पाकिटात घुसतं, शेजारच्या पेटीत पडतं. त्यातलं काहीच परत येत नाही. पत्ता पूर्ण आणि तिकिटं पूर्ण असली की पोचण्याकडे पारडं बरंच झुकतं, यापलीकडे सांगता येत नाही. «म्हणजे बडोद्यात आहे ते» हे तिचं म्हणणं आहे, पोस्टाचं नव्हे. वाक्य तसंच राहू द्या.

पेठकरीण
मला एक खुपतं. कुसुमचा नवरा धडधाकट असेल आणि कार्ड खरंच थैलीत हरवलं असेल, तर पुढल्या वर्षी तिला चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुंकवाशिवायचं कार्ड मिळेल. तिला ते कसं लागेल? कुंकू लावण्यात एक धोका, न लावण्यात दुसरा. आजीनं हे तोललेलं दिसत नाही, ती थेट बोट पुसते.

अक्षरवेल
करंडा उघडा ठेवला आहे तो त्यासाठीच, पण ते पुरेसं पोचत नसेल. हात थांबण्याच्या जागी आणखी एखादं वाक्य लागेल. कुंकू न लावता नुसती हळद लावली तर?

पेठकरीण
नुसती हळद कुणी लावत नाही, ती उलट जास्त डोळ्यांत भरेल. दोन्ही लावा किंवा दोन्ही नको.

बडोदेकर
मी अजून कुंकू लावण्याच्या बाजूचा आहे. पण कथा तुमची.

टपालहंशील
कुंकवातलं मला कळत नाही, तारखेचं सांगतो. पुढची संक्रांत १४ जानेवारी २०१७, शनिवार, म्हणजे उत्तरायणाच्याच दिवशी. मागच्या वेळचा एक दिवसाचा सैलावा या खेपेला नाही. डिसेंबरात तयारी झालीच आहे, तर पाकीट गुरुवारी ५ जानेवारीला पेटीत पडू दे. आणि दोन चमचे कायम असतील तर सात रुपयेही कायम.